कोऱ्या कागदावरची इम्युनॉलॉजी

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला मायक्रोबायोलॉजीच्या अभ्यासक्रमात इम्युनॉलॉजी येते आणि त्याच वर्षी पॅथॉलॉजीतही तिची पुन्हा गाठ पडते. शरीराची प्रतिकारयंत्रणा कशी चालते आणि बिघडली की काय होते, हे शिकवणारा हा विषय. यातल्या पेशी नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, नावे मात्र ढीगभर. वर्ष संपत आले की बहुतेकांची अवस्था सारखीच होते. महाराष्ट्रातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या ज्युनिअर मुलीने ती आपल्या सीनिअरला कळवली होती : "ताई, वाचताना सगळं कळतं. पुस्तक मिटलं की खिचडी होते."

ताईने उत्तरादाखल लांबलचक पत्र लिहिले. त्यात सगळ्या विषयाला हात घातलेला नाही. हायपरसेन्सिटिव्हिटी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेनेच शरीराला इजा करण्याचे प्रकार, एवढे एकच प्रकरण तिने घेतले आणि ते डोक्यात कसे बसवायचे, टिकवायचे आणि पडताळायचे याची आखणी करून दिली. इम्युनॉलॉजीची बाकीची प्रकरणे या प्रकरणाला येऊन मिळतात, म्हणून निवड याची.

पत्रातली पहिली सूचना अशी : "प्रकरण एकदा नीट वाच. मग पुस्तक दुसऱ्या खोलीत ठेवून ये. कोऱ्या कागदावर चार ओळी आणि चार रकाने आख. किती वेळात घडतं, कोण घडवतं, कुठे घडतं आणि एक रुग्ण. आठवेल ते निळ्या पेनाने भर. नंतर पुस्तक उघडून चुकलेलं, राहिलेलं लाल पेनाने लिही. उद्याचा अभ्यास म्हणजे फक्त ते लाल."

हायलायटर फिरवत तिसऱ्यांदा वाचण्यापेक्षा हे कष्टाचे असते, आणि उपयोग होतो तो त्यामुळेच. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत नेहमी सांगितला जातो. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचून तो पुन्हा वाचला. काहींनी वाचून झाल्यावर तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने चित्र उलटले : आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के मजकूर सांगता आला, पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ती ओळखच पाठांतर समजली जाते. परीक्षेत समोर ओळखीचा मजकूर नसतो, कोरी उत्तरपत्रिका असते.

आता त्या चार ओळी. जेल आणि कूम्ब्स या दोघांनी १९६३ साली हे चार प्रकार मांडले. विद्यार्थी ते 'ॲसिड' या शब्दाच्या इंग्रजी अक्षरांवरून लक्षात ठेवतात : ॲनाफायलॅक्टिक, सायटोटॉक्सिक, इम्यून कॉम्प्लेक्स, डिलेड. ताईचा या युक्तीला विरोध नाही, पण तिची मर्यादा ती स्पष्ट सांगते. "ॲसिडमुळे चार नावं क्रमाने येतील. रुग्ण समोर आला की तो कुठल्या नावाचा, हे ॲसिड सांगणार नाही." म्हणून तिच्या तक्त्यात पहिला रकाना नावाचा नसून वेळेचा आहे.

पहिला प्रकार मिनिटांत घडतो, कारण सगळी तयारी आधीच झालेली असते. मधमाशीच्या विषासारख्या एखाद्या पदार्थाविरुद्ध तयार झालेल्या आयजीई जातीच्या अँटिबॉडी मास्ट पेशींवर चिकटून बसलेल्या असतात. पदार्थ पुन्हा आला की पेशीत भरून ठेवलेले हिस्टामाइन बाहेर पडते. चौथ्या प्रकाराला ४८ ते ७२ तास लागतात. तिथे अँटिबॉडीचे कामच नसते. टी पेशींना त्या जागी गोळा व्हावे लागते आणि मग सूज धरते. क्षयासाठी हातावर केली जाणारी मांटू चाचणी दोन-तीन दिवसांनी वाचतात ती यामुळे. वाचताना मोजतात तो हाताला लागणारा टणकपणा, लाली नव्हे. टणकपणा येतो तो तिथे जमलेल्या पेशींमुळे, हे कळले की 'लाली का नाही?' हा व्हायवातला आवडता प्रश्न वेगळा पाठ करावा लागत नाही.

खरी गडबड मधल्या दोन प्रकारांची. दोन्हींत बहुधा आयजीजी अँटिबॉडी असते, दोन्हींत कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिने भाग घेतात. इथे वेळेचा रकाना पुरत नाही. चुकीच्या गटाचे रक्त चढवले तर दुसरा प्रकार तत्काळ दिसतो, तर आई आणि बाळ यांच्या आरएच गटांतल्या विरोधात त्याच प्रकाराला पुढच्या गरोदरपणापर्यंत वेळ लागू शकतो. ताई म्हणते, अशा वेळी 'कुठे' हा रकाना बघ. ज्याच्याविरुद्ध अँटिबॉडी आहे ते पेशीच्या अंगावरच पक्के बसलेले असेल, तर मार त्या पेशीला बसतो. तो दुसरा प्रकार. ते रक्तात मोकळे फिरत असेल, तर अँटिबॉडीशी त्याच्या जोड्या जमतात आणि मूत्रपिंड, सांधे, रक्तवाहिन्यांच्या भिंती इथे अडकतात, तो तिसरा. पक्के की मोकळे, हा एकच प्रश्न दोन्ही प्रकार वेगळे करतो.

पहिल्या प्रकारासाठी पत्रात एका कुत्र्याची गोष्ट आहे. शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए हे फ्रेंच शास्त्रज्ञ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला समुद्री जीवांच्या विषावर प्रयोग करत होते. नेपच्यून नावाच्या कुत्र्याला त्यांनी विषाचा छोटा डोस दिला. त्याला विशेष काही झाले नाही. तीन आठवड्यांनी तसाच छोटा डोस पुन्हा दिला, आणि तो कुत्रा काही मिनिटांत कोसळून मेला. पहिल्या डोसाने शरीर सावरण्याऐवजी अधिक हळवे झाले होते. रिशेने याला 'ॲनाफायलॅक्सिस' म्हटले. १९१३ साली त्याला नोबेल मिळाले. या गोष्टीतून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची : आयजीईची प्रतिक्रिया यायला आधीची भेट लागते.

याच मुद्द्यावर ताईने ज्युनिअरची परीक्षा घेतली आहे. पत्रात तिने एक रुग्ण मांडला. शेतात साप चावलेला माणूस रुग्णालयात येतो. त्याला सर्पविषावरची लस, म्हणजे अँटिस्नेक व्हेनम, सलाइनमधून सुरू होते. अर्ध्या तासात अंगावर गांधी उठतात, उलटी होते, रक्तदाब उतरतो. औषध थांबवून मांडीच्या स्नायूत ॲड्रेनॅलिन दिले जाते आणि तो सावरतो. घरी गेल्यावर आठवड्याभराने तोच माणूस ताप, सांधेदुखी आणि पुन्हा गांधी घेऊन ओपीडीत येतो. औषध एक, प्रतिक्रिया दोन. प्रकार कोणते?

दुसरी प्रतिक्रिया सोपी. ही लस घोड्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडींपासून बनते. ती परकी प्रथिने रक्तात मोकळी फिरत असतात, त्यांच्याविरुद्ध शरीराला अँटिबॉडी तयार करायला काही दिवस लागतात, मग जोड्या जमून सांध्यांत अडकतात. हा तिसरा प्रकार, सीरम सिकनेस. 'आठवडा' हा आकडा इथे पाठ करायचा नाही, अँटिबॉडी तयार व्हायला लागणाऱ्या दिवसांवरून काढायचा.

पहिल्या प्रतिक्रियेला मात्र ज्युनिअर 'टाइप वन' म्हणणार, हे ताईला ठाऊक होते. तिने पुढेच लिहिले आहे : "नेपच्यून आठव. या माणसाने आधी कधी घोड्याचं सीरम घेतलं होतं का? नसेल, तर आयजीई आली कुठून?" या लसीच्या सुरुवातीच्या बहुतेक प्रतिक्रिया आयजीईशिवाय घडतात, कॉम्प्लिमेंट थेट जागे होणे हे त्यामागचे एक कारण मानले जाते. दिसायला ॲनाफायलॅक्सिससारख्याच, आणि उपचारही ॲड्रेनॅलिनचाच. म्हणूनच आधी त्वचेवर थेंबभर टोचून पाहिल्याने ही प्रतिक्रिया येणार की नाही ते कळत नाही आणि जागतिक आरोग्य संघटना तशी चाचणी करू नका असे सांगते. तक्ता पाठ असलेला विद्यार्थी इथे अडतो. तक्त्यामागचे कारण माहीत असलेला रुग्णाला योग्य प्रश्न विचारतो.

इथून पत्र कार्डांकडे वळते. एका कार्डावर एकच प्रश्न, मागे दोन ओळींचे उत्तर. आख्खा तक्ता कार्डावर उतरवायचा नाही, कारण तो पुन्हा वाचलाच जातो. निम्म्या कार्डांवर 'का' हवा. नमुना म्हणून ताईने एक कार्ड दिले आहे : 'आई आरएच निगेटिव्ह, बाळ पॉझिटिव्ह. पहिले बाळ सहसा सुखरूप, दुसऱ्याला धोका. का?' उत्तर असे की बाळाचे रक्त आईच्या रक्तात मिसळते ते बहुधा पहिल्या बाळंतपणात; तेव्हा आधी तयार होणारी आयजीएम वार ओलांडू शकत नाही, आणि तोवर बाळ जन्मलेले असते. पुढच्या खेपेला मात्र स्मरणपेशी झटपट आयजीजी तयार करतात आणि ती वार ओलांडून बाळाच्या तांबड्या पेशींवर जाते. अँटिबॉडींच्या जाती, स्मरणपेशी आणि दुसरा प्रकार अशी तीन प्रकरणे या एका कार्डाला बांधलेली आहेत.

कार्डांचे वेळापत्रक जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर याने १९७२ साली मांडलेल्या खोक्यांच्या पद्धतीवर बेतलेले आहे. बुटांची रिकामी खोकी चालतात. पहिल्या खोक्यातली कार्डे रोज, दुसऱ्यातली तीन दिवसांनी, तिसऱ्यातली आठवड्याने, चौथ्यातली तीन आठवड्यांनी. उत्तर बरोबर आले की कार्ड पुढच्या खोक्यात, चुकले की कुठूनही थेट पहिल्या खोक्यात. नवी कार्डे दिवसाला पंधराच्या वर करायची नाहीत. उत्साहात एका रविवारी शंभर केली, तर बुधवारी ती सगळी एकदम समोर येतात आणि पद्धतच सुटते.

ही योजना बिघडल्याची खूणही पत्रात आहे. प्रश्न पुरता वाचायच्या आधीच उत्तर तोंडात आले, तर कार्डाचा कोपरा पाठ झाला आहे, विषय नव्हे. त्यावर उपाय म्हणजे प्रश्न उलटा करून नवे कार्ड लिहायचे : 'आयजीजी वार ओलांडते का?' याऐवजी 'नवजात बाळाच्या रक्तात गोवराविरुद्ध आयजीजी सापडली, बाळाला गोवर झाला होता का?' दुसरी खूण म्हणजे सारख्या आकड्यांची सरमिसळ. मांटू वाचायचे ४८ ते ७२ तास आणि आरएच निगेटिव्ह आईला बाळंतपणानंतर अँटी-डी द्यायची ७२ तासांची मुदत हे दोन्ही एकाच संध्याकाळी पाठ केले, तर एकाचा आकडा दुसऱ्याला चिकटतो. असे जुळे आकडे वेगवेगळ्या दिवशी करायचे आणि प्रत्येकाशेजारी कारण लिहायचे : मांटूत टी पेशी जमेपर्यंत थांबायचे, अँटी-डीत आईचे शरीर स्वतःच्या अँटिबॉडी बनवू लागण्याआधी पोहोचायचे.

शेवटच्या पानावर पेपरच्या आधीच्या दिवसाची सूचना आहे. त्या दिवशी नवे कार्ड करायचे नाही. सकाळी पुन्हा कोरा कागद घेऊन चार ओळींचा तक्ता भरायचा, दुपारी फक्त पहिल्या खोक्यात उरलेली कार्डे काढायची आणि रात्री वेळेवर झोपायचे. व्हायवात प्रकार ओळखायला सांगितला, तर लगेच नाव न सांगता ताईने दिलेल्या क्रमाने बोलायचे : किती वेळात झाले, पदार्थाशी आधी भेट झाली होती का, तो पेशीवर पक्का की रक्तात मोकळा, आणि मग प्रकाराचे नाव.