सातवे आधण महाग का पडते

अर्थशास्त्राच्या पुस्तकात खर्चाची एक आकृती हमखास असते. आडव्या अक्षावर उत्पादन, उभ्या अक्षावर रुपये. सरासरी खर्चाचा वक्र आधी उतरतो, मग चढतो. सीमांत खर्चाचा वक्र खालून वर येत त्याला नेमका तळाशी छेदतो. मुले हे पाठ करतात. पण तळाशीच का, थोडे अलीकडे किंवा पलीकडे का नाही, हे कळले तर आकृती पाठ करावीच लागत नाही.

समजा, कोल्हापूरकडचे एक गुऱ्हाळ आहे. शेतकरी आपला ऊस आणतो आणि गुऱ्हाळवाला आधणामागे ठरलेला दर घेऊन गूळ करून देतो. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत. जागेचे भाडे, गुळव्याचा रोज आणि यंत्राचा हप्ता मिळून दिवसाला 6,000 रुपये जातात. आधण एक निघो वा आठ, ते द्यावेच लागतात. हा स्थिर खर्च.

आता प्रत्येक आधणामागे वाढणारा खर्च पाहू. पहिल्या आधणाला 2,000 रुपये लागतात, कारण चुलवाण थंड असते आणि जळण जास्त खाते. दुसऱ्याला 1,600, तिसऱ्याला 1,400. चुलवाण तापलेले असते, माणसांचे हात बसलेले असतात. चौथ्यापासून ओढाताण सुरू होते. चौथ्याला 1,600, पाचव्याला 2,000, सहाव्याला 2,800. वाळलेली चिपाडे संपतात, म्हणून लाकूड विकत घ्यावे लागते. सातवे रात्रीवर जाते, जादा मजुरी धरून 3,600. आठवे 5,000. एक आधण वाढवल्यावर एकूण खर्चात जी भर पडते, ती म्हणजे सीमांत खर्च.

एकूण खर्चाला आधणांच्या संख्येने भागले की सरासरी मिळते. एका आधणाला ती 8,000 पडते, तीन आधणांना सुमारे 3,667, पाचांना 2,920, सहांना 2,900, सातांना 3,000 आणि आठांना 3,250.

आता सहाव्या आधणापाशी थांबू. त्याआधीची सरासरी 2,920 होती आणि सहावे आधण आले 2,800 ला, म्हणजे 120 रुपयांनी स्वस्त. ही बचत सहा आधणांत वाटली की प्रत्येकी 20 रुपये होतात, आणि सरासरी बरोबर तेवढीच उतरते. सातवे 3,600 ला आले, म्हणजे 2,900 च्या सरासरीपेक्षा 700 नी महाग. 700 सातांत वाटले की प्रत्येकी 100. सरासरी 3,000 वर गेली. आठव्यालाही हाच हिशेब लावून पाहा. 2,000 चा फरक आठांत वाटला की 250 येतात.

सिद्धता इथेच पूर्ण होते. नवे आधण चालू सरासरीपेक्षा स्वस्त असेल तोवर ते सरासरीला खाली ओढते, महाग असेल तर वर ढकलते. सरासरीचे उतरणे थांबून चढणे सुरू होते ती जागा म्हणूनच या दोघांच्या बरोबरीची. आपल्या उदाहरणात ती सहा आणि सात यांच्या मध्ये कुठेतरी पडते, कारण अर्धे आधण आपण मोजत नाही. उत्पादन किलोने मोजले आणि वक्र सलग काढला, की छेद अचूक तळावर येतो.

इथे बहुतेकांचा एक गोंधळ होतो. सीमांत खर्च चौथ्या आधणापासूनच वाढू लागला होता, तरी सरासरी सहाव्यापर्यंत उतरतच राहिली. सीमांत वक्र चढतो आहे की उतरतो आहे, याच्याशी सरासरीच्या दिशेचा संबंध नाही. तो सरासरीच्या खाली आहे की वर, एवढेच पाहायचे. म्हणून वहीतली आकृती तपासायची सोपी खूण अशी: सीमांत वक्राचा स्वतःचा तळ छेदनबिंदूच्या डावीकडेच हवा, आणि छेदाच्या डाव्या बाजूला सरासरी उतरतीच दिसली पाहिजे.

स्थिर खर्च दुप्पट होऊन 12,000 झाला तर? आधणामागे वाढणारा खर्च तोच राहतो, म्हणून सीमांत वक्र जागचा हलत नाही. सरासरी मात्र वर सरकते आणि तिचा तळ उजवीकडे जातो. आता सहा आधणांना ती 3,900 पडते, सातांना सुमारे 3,857 आणि आठांना 4,000. म्हणजे सर्वात स्वस्त सरासरी आता सात आधणांना पडते. भारी भाड्याच्या जागेत काम जास्त वेळ चालवण्यामागचे गणित हेच आहे.

मात्र सरासरीचा तळ म्हणजे सर्वाधिक नफ्याची जागा, असे समजू नये. स्थिर खर्च पुन्हा 6,000 धरू आणि आधणाचा दर 4,000 आहे असे मानू. सहा आधणांवर नफा 6,600 होतो, सातांवर 7,000 आणि आठांवर 6,000. सातव्याने सरासरी वाढवली, तरी ते 3,600 खाऊन 4,000 देते. गुऱ्हाळवाल्याने ते घ्यावे आणि आठव्याला नाही म्हणावे.