पिवळ्याआड लपलेला जांभळा

डाळ उतू गेली की गॅसची निळी ज्योत क्षणभर पिवळी होते. तो रंग मिठातल्या सोडिअमचा. प्रयोगशाळेतली ज्योत परीक्षा याच तत्त्वावर चालते.

रंग का वेगळे? ज्योतीच्या उष्णतेने अणूतला बाहेरचा इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर जातो. खाली परतताना तो ती ऊर्जा प्रकाशरूपात सोडतो. पातळ्यांमधलं अंतर प्रत्येक धातूत निराळं, म्हणून रंगही निराळा. सोडिअमचा पिवळा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा.

कसं करतात? प्लॅटिनमची तार संहत हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून, ज्योतीला रंग येईनासा होईपर्यंत तापवतात. मग पुन्हा आम्लात ओली करून क्षाराचे कण उचलतात आणि निळ्या ज्योतीत धरतात. आम्लामुळे सहज वाफ होणारं क्लोराइड तयार होतं.

कोणाचा कोणता?
- पोटॅशिअम: फिकट जांभळा
- कॅल्शिअम: विटकरी
- स्ट्रॉन्शिअम: किरमिजी
- बेरिअम: पोपटी
- तांबं: निळसर हिरवा

फसगत कुठे होते? सोडिअम अत्यल्प असलं तरी त्याचा पिवळा पोटॅशिअमचा जांभळा झाकून टाकतो. बोटाच्या घामातलं मीठ तारेला लागलं तरी ज्योत पिवळी होते. अशा वेळी ज्योत निळ्या कोबाल्ट काचेतून पाहतात. काच पिवळा प्रकाश शोषते आणि पोटॅशिअम असल्यास जांभळट लाल छटा दिसते. मात्र ज्योतीचा पिवळा रंग क्षणात ओसरला, तर सोडिअम बहुधा केवळ भेसळीपुरतं असतं.