गोळी घेतली, आता टेस्ट कधी करायची?

असुरक्षित संबंधानंतर मेडिकलमधून आणलेली इमर्जन्सी गोळी घेतली की बाई पाळीच्या तारखेकडे डोळे लावून बसते. पण ती तारीखच या गोळीमुळे हलू शकते.

आपल्याकडे सहज मिळणाऱ्या या गोळीत १.५ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल असते. ती ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. तिचे मुख्य काम म्हणजे अंडाशयातून स्त्रीबीज बाहेर पडणे लांबवणे. बीज बाहेर पडल्यावर साधारण दोन आठवड्यांनी पाळी येते. म्हणून बीज उशिरा सुटले की पाळीही पुढे जाते. गोळी पाळीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत घेतली असेल, तर मात्र पुढची पाळी बरेचदा लवकर येते. बीज आधीच सुटलेले असेल, तर गोळीचा फारसा उपयोग होत नाही.

एक उदाहरण पाहू. पाळी १ मार्चला आली, चक्र २८ दिवसांचे, म्हणजे पुढची तारीख २९ मार्च. संबंध १० मार्चच्या रात्री आला, गोळी ११ तारखेला घेतली. एरवी १४ तारखेच्या सुमारास सुटणारे बीज समजा १९ तारखेला सुटले, तर पाळी २ एप्रिलच्या आसपास येईल. हे चार दिवस फार घाबरवणारे असतात, पण एवढ्या उशिराचा अर्थ गर्भ राहिला असा होत नाही.

या काळात घाईने केलेली टेस्ट फसवते. लघवीच्या टेस्टमध्ये दिसणारे संप्रेरक गर्भ गर्भाशयात रुजल्यावरच तयार होऊ लागते. त्यामुळे २० मार्चच्या निगेटिव्ह टेस्टला काहीच अर्थ नाही. दिवस मोजायचे ते संबंधापासून: २१ दिवसांनी, म्हणजे ३१ मार्चला, सकाळच्या पहिल्या लघवीची टेस्ट भरवशाची. पाळी अपेक्षित तारखेपेक्षा आठवडाभर लांबली, तरीही टेस्ट करावीच.

इथे एक चूक फार होते. गोळी पुढच्या संबंधांसाठी संरक्षण देत नाही. उलट बीज लांबणीवर पडलेले असल्याने धोका पुढे सरकतो. याच बाईचा १७ मार्चला पुन्हा असुरक्षित संबंध आला, तर मोजणी तिथून नव्याने, आणि टेस्ट ७ एप्रिलला.

गोळीनंतर काही दिवसांनी डाग दिसले म्हणून निर्धास्त होऊ नये. ते संप्रेरकाच्या चढउतारामुळेही पडतात. नेहमीपेक्षा फारच कमी रक्तस्राव झाला, तरी २१ दिवसांची टेस्ट चुकवू नये. गोळीनंतर दोन तासांच्या आत उलटी झाली, तर पुन्हा गोळी घ्यावी लागते. टेस्ट पॉझिटिव्ह आली तर डॉक्टरांना भेटावे. या गोळीने गर्भपात होत नाही. ओटीपोटात एका बाजूला तीव्र दुखू लागले किंवा चक्कर आली, तर टेस्टच्या तारखेची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठावा, कारण गर्भ नळीत राहिलेला असू शकतो.