बोटाच्या घडीवर रुतलेला काटा

डाळिंबाच्या फांदीचे टोकच वाळून काटा होते. सांगोला, पंढरपूर, मालेगाव, सटाणा या पट्ट्यात छाटणीच्या दिवसांत असे काटे हाताला रोज लागतात आणि बहुतेक काटे तिथेच बांधावर बसून काढले जातात. त्यात गैर काही नाही. वर टोक दिसत असलेला काटा घरी काढता येतो. त्रास देतो तो अर्धा निघून अर्धा आत राहिलेला काटा. तो तळहाताच्या बाजूने, बोटाच्या घडीवर रुतला असेल तर त्रास फार वाढू शकतो.

आधी साध्या काट्याचे बघू. काटा रुतला की पहिला मोह होतो तो दोन्ही बाजूंनी दाबून वर आणण्याचा. दाबल्याने वाळका काटा आतच मोडतो, नाहीतर आणखी खोल सरकतो. हात आणि काट्याची जागा साबणाने धुवावी आणि लगेच कोरडी करावी. बोट पाण्यात भिजत ठेवू नये, कारण लाकूड पाणी पिऊन फुगते, मऊ पडते आणि ओढताना त्याचे तुकडे होतात. चिमटा आणि सुई उकळत्या पाण्यातून किंवा स्पिरिटने पुसून घ्यावी. सुई ज्योतीवर धरायची आपली सवय जुनी आहे. मात्र तिच्यावर धरलेली काजळी पुसली नाही, तर ती कातडीत जाऊन काळा ठिपका कायमचा राहू शकतो.

मग चांगल्या उजेडात, जमल्यास भिंगाखाली, काटा कोणत्या दिशेने शिरला आहे ते नीट पाहावे. टोक वर असेल तर चिमट्याने अगदी कातडीलगत धरून, ज्या तिरप्या वाटेने तो आत गेला त्याच वाटेने सावकाश ओढावा. टोक वर नसेल, पण कातडीखाली काट्याची काळपट रेघ दिसत असेल, तर सुई खोल खुपसून उकरू नये. त्या रेघेवरचा कातडीचा पातळ पापुद्रा सुईच्या टोकाने उघडत जावा. काटा बराचसा उघडा पडला की चिमट्याने उचलता येतो. दहा-पंधरा मिनिटांत जमले नाही तर थांबावे. त्यानंतरच्या उकरण्याने फक्त जखम मोठी होते आणि पुढे डॉक्टरलाही काटा शोधणे अवघड जाते. नखाखाली खोल गेलेला काटा तर घरी काढूच नये, कारण त्यासाठी अनेकदा बोट बधिर करून नखाचा छोटा तुकडा कापावा लागतो.

काटा न निघाल्यास गावाकडे त्यावर बिब्ब्याचा चटका देतात किंवा रुईचा चीक लावतात. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजून फोड येतात, आणि मग सूज काट्याची की बिब्ब्याची हे कळत नाही. रुईचा चीक हाताला राहून डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. हे दोन्ही टाळावे.

काटा निघाला की तो फेकण्याआधी तळहातावर ठेवून पाहावा. टोक सुईसारखे अणकुचीदार असेल तर तो पूर्ण आला. टोक बोथट, तुटल्यासारखे दिसले तर उरलेला तुकडा आत आहे असे समजावे, मग वेदना लगेच कमी झाली तरी. काच किंवा धातूचा कण शरीरात बरेचदा गुमान पडून राहतो. लाकूड आणि काटा तसे राहत नाहीत. वनस्पतीचा तुकडा शरीराला खुपत राहतो, त्याच्याभोवती सूज धरते, आणि त्याच्याबरोबर आत गेलेले जंतू तिथे वाढतात.

बोटाच्या घडीचा प्रश्न इथे येतो. बोट वाकवणारे स्नायुबंध तळहाताच्या बाजूने, सायकलच्या ब्रेकची तार नळीतून जावी तसे, एका आवरणातून जातात. बोटाच्या मऊ भागात कातडी आणि हे आवरण यांच्यामध्ये चरबीची गादी असते. घडीवर ती जवळपास नसतेच. म्हणून इतरत्र किरकोळ ठरेल एवढा काटा घडीवर थेट आवरणात किंवा सांध्यात पोहोचतो.

समजा, छाटणी करताना एकाच्या मधल्या बोटाच्या मधल्या घडीवर काटा रुतला. त्याने तो ओढून काढला, टोक मोडलेले होते, पण बोट दुखायचे थांबले म्हणून कामाला लागला. तीन आठवड्यांनी तो सांधा सुजला, सकाळी बोट वळेना. गोळ्या घेतल्या, सूज उतरली. गोळ्या संपल्या, पुन्हा आली. एक्स-रेमध्ये काही सापडले नाही. तसे होणारच, कारण लाकूड आणि काटा एक्स-रेत सहसा दिसत नाही. असा तुकडा सोनोग्राफीत दिसू शकतो, आणि ती करायला सांगण्यासाठी डॉक्टरला काट्याची गोष्ट ठाऊक असावी लागते. मधे महिने गेले की रुग्ण स्वतःच ती विसरतो आणि उपचार संधिवाताचा सुरू होतो. या दुखण्यावरचा उपाय म्हणजे शस्त्रक्रिया करून तुकडा आणि त्याभोवतीचा सुजलेला पापुद्रा काढणे. नुसत्या गोळ्यांनी ते परतत राहते.

याहून घाईचा प्रकार म्हणजे स्नायुबंधाच्या आवरणात पू होणे. शिकागोचे शल्यचिकित्सक ॲलन कॅनाव्हेल यांच्या नावाने त्याच्या खुणा आजही शिकवल्या जातात. बोट आपोआप किंचित वाकलेले राहते. सूज एका जागी न राहता सगळ्या बोटावर सारखी पसरते. तळहाताच्या बाजूने बोटाच्या लांबीभर दाबले की दुखते. दुसऱ्याने बोट हलकेच सरळ करायला घेतले तरी कळ सहन होत नाही. या चारही खुणा सुरुवातीलाच दिसतील असे नाही. एक-दोन दिसल्या तरी त्याच दिवशी इस्पितळ गाठावे, सकाळची वाट पाहू नये. वेळेत पू निघाला नाही तर स्नायुबंध चिकटतो किंवा मरतो आणि बोट कायमचे ताठ राहते.

पूर्ण निघालेल्या काट्याची देखभाल सोपी आहे. जागा पुन्हा साबणाच्या पाण्याने धुवावी, थोडे व्हॅसलीन लावून पट्टी बांधावी, ती ओली झाली किंवा मळली की बदलावी. जखम भरेपर्यंत शेणखतात आणि मातीत उघडा हात घालू नये. बोट बांधून स्थिर ठेवू नये, दिवसातून काही वेळा हलवत राहावे. पहिल्या दिवसाचे दुखणे हळूहळू कमी व्हायला हवे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणका वाढला, लाली पसरू लागली, पू आला किंवा ताप चढला तर डॉक्टरकडे जावे. मधुमेह असलेल्याने खोल काट्यासाठी एवढेही थांबू नये.

प्रत्येक काट्यामागे धनुर्वाताचे इंजेक्शन घेण्याची गरज नसते. लहानपणीचे डोस पूर्ण झाले असतील, तर मातीने-शेणाने मळलेल्या जखमेसाठी शेवटच्या डोसाला पाच वर्षे होऊन गेली असतील तर घ्यावे, स्वच्छ किरकोळ जखमेसाठी दहा वर्षांची मुदत चालते. सरकारी लसीकरणात आता जुन्या टीटीऐवजी टीडी देतात, ती धनुर्वाताबरोबर घटसर्पापासूनही वाचवते. शेतातला काटा मळलेल्याच जखमेत धरावा. शेवटचा डोस कधी घेतला हे आठवत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात तसे सांगून काटा लागल्याच्या दिवशीच घेऊन टाकावे.