स्टार केलेला मेसेज नव्या फोनवर येतो का?

व्हॉट्सॲपवर महत्त्वाचा मेसेज आला की अनेकजण तो बोटाने दाबून धरतात आणि वरची चांदणी टिपतात. बँकेचा आयएफएससी कोड, डॉक्टरांनी पाठवलेला औषधांचा फोटो, आजीच्या आवाजातला निरोप, सगळं ‘स्टार’ होतं आणि मन निर्धास्त होतं. मेसेज जणू तिजोरीत गेला!

पण तो कुठेच गेलेला नसतो. स्टार केल्याने मेसेजची दुसरी प्रत तयार होत नाही. फोनमधल्या चॅटच्या डेटाबेसमध्ये त्या मेसेजपुढे एक खूण तेवढी होते आणि ‘स्टार केलेले मेसेज’ ही यादी त्या खुणांवरून बनते. पुढचं सगळं या एका गोष्टीवर ठरतं. डेटाबेस बॅकअपमध्ये गेला की खूणही जाते आणि तो परत आला की खूणही परत येते. म्हणजे अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर, त्याच नंबरवर आणि त्याच गूगल खात्यातून बॅकअप नीट उतरला, तर चांदण्या शाबूत राहतात. गोची असते ती बाकीच्या गोष्टींची.

समजा, साताऱ्यातल्या एका सोसायटीच्या सचिव बाईंचा फोन गुरुवारी पाण्यात पडला आणि कायमचा बंद झाला. त्यांचा गूगल बॅकअप आठवड्यातून एकदा होत असे, शेवटचा रविवारी रात्री झालेला. व्हॉट्सॲप रोज पहाटे दोनच्या सुमारास फोनमध्येही एक प्रत ठेवतं, पण ती फोनबरोबरच बुडाली.

नव्या फोनवर रविवारचा बॅकअप उतरला. जानेवारीत स्टार केलेला प्लंबरचा नंबर चांदणीसकट आला. मंगळवारी आलेला आणि तेव्हाच स्टार केलेला लिफ्टवाल्याचा मेसेज मात्र नाही, कारण रविवारच्या डेटाबेसमध्ये तो नव्हताच. तिसरा मेसेज चकवणारा. मेसेज मार्चमधला, पण बाईंनी तो बुधवारी स्टार केला होता. तो चॅटमध्ये आहे, पण चांदणी नाही, त्यामुळे यादीत दिसत नाही. अशा वेळी ‘मेसेज गेला’ असं धरून बसू नये, चॅटमध्ये शब्द टाकून शोधावा.

चौथी वस्तू म्हणजे गळतीचा व्हिडिओ. यादीत त्याचं धूसर चित्र दिसतं, उघडत मात्र नाही. बॅकअपच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ घ्यायचे की नाहीत याचा वेगळा पर्याय असतो आणि तो बंद होता. फोटो आणि पीडीएफचंही असंच होऊ शकतं. फोनची जागा रिकामी करताना मूळ फाइल पुसली, तर खूण उरते आणि वस्तू जाते. व्हॉट्सॲपच्या सर्व्हरवर फाइल कायम राहत नाही, त्यामुळे महिने उलटल्यावर ‘पुन्हा पाठवा’ असं पाठवणाऱ्यालाच सांगावं लागतं.

बॅकअपचा संबंध नसतानाही स्टार निरुपयोगी ठरतो. पाठवणाऱ्याने सुमारे अडीच दिवसांच्या आत ‘सर्वांसाठी डिलीट’ केलं, तर तुमच्या चांदणीला न जुमानता मजकूर जातो. आपोआप नाहीसे होणारे मेसेजही स्टारने थांबत नाहीत. त्यासाठी ‘चॅटमध्ये ठेवा’ ही वेगळी सोय आहे आणि तीही मूळ पाठवणारा रद्द करू शकतो. चॅट साफ करताना स्टार केलेल्या मेसेजबद्दल वेगळी चौकट येते, ती न वाचता ‘ओके’ केलं की सगळं एकदम पुसलं जाऊ शकतं. ‘एक्स्पोर्ट चॅट’ हाही यावर उपाय नव्हे. त्या मजकुराच्या फाइलमध्ये कुठला मेसेज स्टार केलेला होता हे दिसतच नाही.

टेलिग्रामचे ‘सेव्ह्ड मेसेजेस’ वेगळ्या धाटणीचे आहेत. तिथे मेसेज स्वतःच्या चॅटमध्ये फॉरवर्ड होतो, म्हणजे खरीच वेगळी प्रत होते आणि ती टेलिग्रामच्या सर्व्हरवर राहते. नव्या फोनवर लॉग-इन केलं की समोर हजर. व्हॉट्सॲपवर २०२२पासून स्वतःलाच मेसेज पाठवता येतो. तिथे फॉरवर्ड केलेली प्रत मूळ मेसेज डिलीट झाला तरी टिकते, मात्र तीही बॅकअपवरच अवलंबून असते.

खरं सांगायचं तर स्टार ही चटकन सापडण्याची सोय आहे, जपणुकीची नाही. म्हणून फोन बदलण्याआधी सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप इथे जाऊन शेवटच्या बॅकअपची तारीख बघा आणि बॅकअपचं बटण स्वतः दाबा. बॅकअपला स्वतःचा पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली लावली असेल, तर ती कागदावर लिहून ठेवा. ती हरवली तर व्हॉट्सॲपलाही तो बॅकअप उघडून देता येत नाही. आणि आजीच्या आवाजातला निरोप आजच व्हॉट्सॲपबाहेर, संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.