पट्टीचं वजन पट्टीनेच

लाकडी मीटरपट्टी दोऱ्याच्या फासातून टांगली, की ती मधोमध कुठेतरी आडवी स्थिरावते. बरोब्बर ५० सेंटीमीटरवरच स्थिरावेल असं नाही. लाकूड सगळीकडे एकसारखं नसतं, टोकं झिजलेली असतात. समजा, आपली पट्टी ४९.८ वर थांबली. हा तिचा गुरुत्वमध्य. पट्टीचं सगळं वजन इथेच एकवटलंय असं मानून पुढचा हिशेब होतो, म्हणून हा आकडा आधी लिहून ठेवायचा.

आता १० च्या खुणेवर १०० ग्रॅमचं वजन टांगा. पट्टी तिकडे कलेल. मग मधला फास हळूहळू वजनाकडे सरकवायचा. ३१.७ वर पट्टी पुन्हा आडवी झाली असं धरू. उजवीकडे तर काहीच टांगलेलं नाही, मग शंभर ग्रॅमला पेललं कोणी? पट्टीनेच. टेकू मध्यापासून हलला, की पट्टीचं वजन त्याच्या एका बाजूला येतं आणि कामाला लागतं. डावीकडेही पट्टीचा तुकडा उरतो, त्याचं काय, अशी शंका येते. पण गुरुत्वमध्य पकडला की तो तुकडाही हिशेबात आलेला असतो.

तोल साधला म्हणजे दोन्ही बाजूंचा 'वजन गुणिले टेकूपासूनचं अंतर' हा गुणाकार सारखा. डावीकडे १०० × २१.७, म्हणजे २१७०. उजवीकडे पट्टीचं वजन १८.१ सेंटीमीटरवर. २१७० ला १८.१ ने भागलं की सुमारे १२० ग्रॅम येतात. गुरुत्वमध्य डोळे झाकून ५० धरला असता, तर ११८.६ आले असते.

आता एखादं कुलूप तोलू. टेकू ४९.८ वरच ठेवला, तर पट्टीचं वजन थेट टेकूवर येतं. अंतर शून्य, त्यामुळे ते हिशेबातून गळतं. कुलूप २० वर आणि शंभर ग्रॅम ७०.७ वर असताना पट्टी आडवी राहिली, तर कुलपाचं वजन १०० × २०.९ ÷ २९.८, म्हणजे ७०.१ ग्रॅम.

हेच कुलूप एकटं १० वर टांगून टेकू सरकवला आणि तोल ३५.२ वर साधला, तर १२० × १४.६ ÷ २५.२ या हिशेबाने ६९.५ येतात. अर्ध्या ग्रॅमचा फरक पाहून बिचकू नये. या रीतीत टेकूची जागा एक मिलिमीटर चुकीची वाचली, तरी उत्तर पाऊण ग्रॅमने हलतं. दोरा जाड असेल किंवा पंखा चालू असेल, तर एवढी चूक सहज होते.

वस्तू हलकी असेल, तर शंभर ग्रॅम वापरूच नयेत. पाच ग्रॅमची अंगठी २० वर टांगली, तर ते वजन टेकूपासून जेमतेम दीड सेंटीमीटरवर येईल आणि मिलिमीटरभर चुकलं तरी उत्तर सहा-सात टक्क्यांनी बिघडेल. तिथे १० ग्रॅमचं वजन घ्यावं. ते जवळपास १५ सेंटीमीटरवर जातं आणि तीच चूक एका टक्क्याच्या आत राहते.