एरंडेलात पडणारा छर्रा

दोन मिलिमीटर व्यासाचा पोलादी छर्रा हवेत सोडला, तर जमिनीवर आदळेपर्यंत त्याचा वेग वाढतच राहतो. तोच छर्रा एरंडेल तेलाने भरलेल्या उंच काचपात्रात सोडला, तर तो एकाच संथ गतीने खाली उतरताना दिसतो. वरच्या दहा सेंटिमीटरला जितका वेळ लागतो, तितकाच खालच्या दहा सेंटिमीटरला. गुरुत्वाकर्षण तर त्याला क्षणोक्षणी खाली ओढत असतं. मग वेग का वाढत नाही?

उत्तर छर्र्यावरच्या तीन बलांच्या हिशेबात आहे. हा हिशेब प्रत्यक्ष आकड्यांत मांडला की फार सुंदर दिसतो. एक मिलिमीटर त्रिज्येच्या पोलादी छर्र्याचं वजन साधारण ३२.७ मिलिग्रॅम भरतं. त्याने बाजूला सारलेल्या तेलाचं वजन सुमारे ४ मिलिग्रॅम असतं. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार तेवढा भार प्लावक बल उचलून धरतं. उरतात २८.७ मिलिग्रॅम. हा भार पेलायला तिसरं बल लागतं, आणि ते तेलाच्या घट्टपणातून, म्हणजे श्यानतेतून येतं.

या तिसऱ्या बलाचा स्वभाव पहिल्या दोघांहून वेगळा आहे. वजन आणि प्लावक बल छर्रा स्थिर असो वा हलता, तेवढीच राहतात. श्यान बल मात्र स्थिर छर्र्यावर शून्य असतं आणि वेगाच्या प्रमाणात वाढत जातं. छर्रा सुटला की सुरुवातीला वजनाची सरशी होते आणि वेग वाढतो. वेग वाढला की विरोध वाढतो. विरोध बरोबर २८.७ मिलिग्रॅमइतका झाला, की खाली ओढणारं आणि वर रोखणारं बल सारखं होतं. निव्वळ बल उरत नाही, म्हणून वेगही बदलत नाही. हाच अंतिम वेग, प्रयोगशाळेतल्या बोलीत ‘टर्मिनल व्हेलॉसिटी’. बल संपलं म्हणून छर्रा थांबत नाही. तो त्याच वेगाने पुढे जात राहतो.

श्यान बल नेमकं किती, हे आयर्लंडमध्ये जन्मलेल्या आणि केंब्रिजमध्ये आयुष्य घालवलेल्या जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स यांनी १८५१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात सिद्ध केलं. तो निबंध खरं तर लंबकांविषयी होता. गुरुत्वाकर्षण अचूक मोजण्यासाठी लंबक वापरत, आणि भोवतालची हवा त्याच्या झोक्यात किती ढवळाढवळ करते हे त्यांना काढायचं होतं. त्या गणितातून संथ सरकणाऱ्या गोलाचं उत्तर हाती आलं: त्रिज्या r, वेग v आणि द्रवाची श्यानता η असेल, तर विरोध 6πηrv इतका. त्याचा दोन-तृतीयांश भाग गोलाच्या पृष्ठभागाला घासत जाणाऱ्या द्रवाच्या ओढीतून येतो. उरलेला एक-तृतीयांश दाबातून येतो, कारण गोलाच्या पुढे द्रवाचा दाब थोडा जास्त असतो आणि मागे थोडा कमी.

आता तीन बलांचा ताळा मांडला की अंतिम वेगाचं सूत्र मिळतं:

v = 2r²(ρ − σ)g / 9η

यात ρ ही छर्र्याची घनता आणि σ ही द्रवाची. सूत्रातला r चा वर्ग लक्षात ठेवण्याजोगा आहे. वजन त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात वाढतं, विरोध मात्र नुसत्या त्रिज्येच्या प्रमाणात. म्हणून छर्रा दुप्पट मोठा घेतला, की अंतिम वेग चौपट होतो. उलट कण अगदी बारीक झाला, की त्याचं पडणं जवळजवळ दिसेनासं होतं. ढगातले जलबिंदू हवेत तरंगत असल्यासारखे का वाटतात, याचा उलगडा स्टोक्स यांनी याच निबंधात याच नियमाने केला.

आपल्या छर्र्याचा वेग काढू. ३० अंश सेल्सिअसला एरंडेलाची श्यानता सुमारे ०.४५ पास्कल-सेकंद असते, म्हणजे त्याच तापमानाच्या पाण्याच्या साडेपाचशे पट. पोलादाची घनता दर घनमीटरला ७८०० किलोग्रॅम आणि तेलाची ९६० धरली, तर वेग येतो सेकंदाला ३.३ सेंटिमीटर. वीस सेंटिमीटर अंतर छर्रा सहा सेकंदांत कापेल.

हा वेग गाठायला किती वेळ लागतो? साधारण समज असा, की छर्रा बरंच अंतर वेग वाढवत जातो आणि मग स्थिरावतो. पुष्कळ जर्नलांतही वरचा भाग सोडण्याचं कारण तेच लिहिलेलं असतं. पण आकडे वेगळं सांगतात. या तेलात स्थिरावण्याचा काळ सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजावा लागतो, सुमारे चार. तेवढ्यात छर्रा जेमतेम एखादा मिलिमीटर सरकलेला असतो. उलट तेलाच्या वर पाच सेंटिमीटरवरून तो सोडला, तर तो तेलात सेकंदाला एक मीटर वेगाने शिरतो, म्हणजे अंतिम वेगाच्या तीसपट. तिथे त्याला वेग वाढवायचा नसतोच, कमी करायचा असतो, आणि तोही सेंटिमीटरभराच्या आत कमी होतो. तरीही वरचे काही सेंटिमीटर सोडावेत हे खरंच, पण त्याचं कारण निराळं. पृष्ठभाग फोडून आत शिरताना छर्रा हवेचे बुडबुडे ओढून नेतो, तिरपा जातो, तेल ढवळतो. एक मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा त्याला चिकटला, तर तो अर्धा मिलिग्रॅम भार उचलतो, शिवाय स्वतःचा विरोधही वाढवतो. म्हणून छर्रा आधी त्याच तेलात भिजवून, चिमट्याने पृष्ठभागाशी नेऊन, पात्राच्या मध्यभागी अलगद सोडायचा.

इथवर सगळं जमलं आणि प्रयोग केला, की सहा सेकंदांऐवजी पावणेसात सेकंद येतात. बहुतेकदा दोष स्टॉपवॉच दाबणाऱ्याच्या अंगठ्यावर ढकलला जातो. पण अंगठ्याची चूक सेकंदाच्या एक-दोन दशांशांची. शिवाय ती कधी इकडे होते, कधी तिकडे. इथे प्रत्येक वेळी छर्रा हळूच पडतो. एकाच बाजूला झुकणारी तफावत दिसली, की कारण नियमातच शोधायला हवं.

स्टोक्स यांचं सूत्र अमर्याद द्रवासाठी आहे. आपलं पात्र मात्र आतून चार सेंटिमीटर रुंद. छर्रा दोन मिलिमीटरचा, काच त्याच्यापासून वीस त्रिज्या दूर. एवढ्या लांबच्या भिंतीचा काय परिणाम होणार, असं वाटतं. खरं तर इथेच घट्ट द्रवाचं वैशिष्ट्य आहे. संथ छर्रा आपल्याबरोबर भोवतालचं तेलही खाली नेतो, आणि ही हालचाल अंतराबरोबर फार सावकाश विरत जाते. मोकळ्या तेलात दहा त्रिज्या बाजूला, म्हणजे सेंटिमीटरभर दूर, तेल छर्र्याच्या वेगाच्या साडेसात टक्के वेगाने खाली सरकत असतं. वीस त्रिज्यांवरही ते पावणेचार टक्के वेगाने सरकलं असतं. पण तिथे काच आहे, आणि काचेला लागलेलं तेल हलूच शकत नाही. शिवाय पात्र तळाशी बंद, त्यामुळे खाली ढकललेल्या तेलाला भिंत आणि छर्रा यांच्या मधूनच वर परतावं लागतं. या दोन्ही गोष्टी छर्र्याला रोखतात.

जर्मन भौतिकशास्त्रज्ञ रुडॉल्फ लाडेनबुर्ग यांनी १९०७ मध्ये याची दुरुस्ती दिली. मोजलेल्या वेगाला (१ + २.४ × छर्र्याची त्रिज्या ÷ पात्राची त्रिज्या) या संख्येने गुणलं, की अमर्याद द्रवातला वेग मिळतो. आपल्या पात्रासाठी ही संख्या १.१२ येते. ३.३ ला १.१२ ने भागलं तर २.९५ सेंटिमीटर, आणि वीस सेंटिमीटरला ६.८ सेकंद. म्हणजे पावणेसात सेकंदांचं वाचन अचूक होतं! भिंतीची दखल न घेता त्यावरून श्यानता काढली, तर ०.४५ ऐवजी ०.५० येईल. तळाजवळही असाच अडथळा होतो, म्हणून खालची खूण तळापासून चांगली वर बांधतात.

दुसरा मोठा घटक तापमान. एरंडेलाची श्यानता २० अंशांना ०.९८ च्या आसपास असते आणि ३० अंशांना त्याच्या निम्म्याहून कमी. तोच छर्रा थंड सकाळी सेकंदाला दीड सेंटिमीटरच उतरेल. एका अंशाचा फरक सात-आठ टक्क्यांचा. पुण्यात डिसेंबरमध्ये आणि एप्रिलमध्ये केलेल्या प्रयोगांची उत्तरं जुळायलाच नकोत. तापमान न लिहिता नोंदवलेल्या श्यानतेला काही अर्थ नाही, असं मी ठामपणे म्हणेन. थर्मामीटर हवेत नव्हे, तेलात बुडवायचा, आणि पात्र हाताने फार वेळ धरायचं नाही.

तिसरी मर्यादा छर्र्याच्या आकाराची. स्टोक्स यांनी द्रवाचं जडत्व दुर्लक्षिण्याजोगं मानलं. ते तसं आहे का, हे रेनॉल्ड्स अंकावरून कळतं: द्रवाची घनता, वेग आणि छर्र्याचा व्यास यांचा गुणाकार भागिले श्यानता. आपल्या छर्र्यासाठी तो ०.१४ येतो, म्हणजे नियम लागू. चार मिलिमीटरच्या छर्र्यासाठी सूत्र सेकंदाला १३ सेंटिमीटर वेग सांगतं, पण रेनॉल्ड्स अंक एकच्या पुढे जातो आणि खरा वेग त्याहून बराच कमी निघतो. पाण्यात तर सूत्र पार कोलमडतं. दोन मिलिमीटरच्या छर्र्याला ते सेकंदाला जवळजवळ पंधरा मीटर वेग देतं. प्रत्यक्षात तो सुमारे साठ सेंटिमीटरच्या वेगाने पडतो, कारण तिथे विरोध घर्षणातून नव्हे, मुख्यतः छर्र्यामागे उठणाऱ्या भोवऱ्यांमुळे येतो.

हे सगळे दोष एकमेकांपासून वेगळे करता येतात. काचेवर दोनऐवजी तीन खुणा बांधाव्यात. वरचं आणि खालचं अंतर सारख्या वेळात कापलं, तर वेग खरोखर अंतिम आहे. मग वेगवेगळ्या आकारांचे छर्रे घेऊन वेग आणि त्रिज्येचा वर्ग यांचा आलेख काढावा. तो आरंभबिंदूतून जाणारी सरळ रेषा आला पाहिजे. मोठ्या छर्र्यांपाशी रेषा खाली वाकली, तर कारण भिंत असेल किंवा जडत्व. तेच छर्रे दुप्पट रुंद पात्रात सोडून पाहावेत. वाक बराच सरळ झाला, तर दोष काचेचा. तसाच राहिला, तर छर्रे या तेलासाठी मोठे आहेत, आणि बारीक छर्रे किंवा अधिक घट्ट द्रव शोधायला हवा.